छाननी करणाऱ्यांपासूनही नाव झाकून ठेवणारी तक्रारपेटी कशी चालवायची

पतसंस्था, शिक्षणसंस्था, जिनिंगचा कारखाना, दूध संघ, अशा कुठल्याही ठिकाणी तक्रारपेटी सुरू होते तेव्हा सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं : ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराचं नाव कळू नये. तेवढं पुरत नाही. तक्रार आल्यावर ती उघडणारी, वाचून तिचं गांभीर्य ठरवणारी आणि पुढे पाठवणारी दोन-तीन माणसं मुख्य कार्यालयात असतात. आपल्या खान्देशात ही माणसं परकी नसतात. जळगावच्या मुख्य कार्यालयातला लिपिक चोपड्याच्या शाखाधिकाऱ्याचा साडू निघतो, किंवा दोघं एकाच लग्नात एका पंगतीला बसलेले असतात. त्याने मुद्दाम काही सांगायची गरजही पडत नाही. "तुमच्या शाखेतून काहीतरी आलंय म्हणे" एवढं वाक्य पुरतं.

म्हणून हा लेख एकाच कामाबद्दल आहे. छाननी करणाऱ्याला तक्रार पूर्ण समजली पाहिजे, पण ती कोणी केली हे कळता कामा नये. हे जमवायचं कसं, ते सात-आठ शाखांच्या एका काल्पनिक पतसंस्थेचं उदाहरण घेऊन पाहू. याच पद्धतीने आश्रमशाळा किंवा कारखान्यातली पेटीही चालवता येते.

निनावी की गोपनीय, हे आधी ठरवा

निनावी म्हणजे नाव कोणालाच माहीत नाही. गोपनीय म्हणजे नाव एका माणसाला माहीत आहे, बाकीच्यांना नाही. निनावी पत्राला उलट प्रश्न विचारता येत नाही आणि तक्रारदाराला त्रास सुरू झाला तर संरक्षणही देता येत नाही. शक्य असेल तिथे गोपनीय पद्धत ठेवावी आणि निनावी पत्रं नाकारू नयेत, असं माझं मत आहे.

गोपनीय पद्धतीचा सरकारी नमुना आपल्याकडे आहे. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंते. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि आपलं नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया इथे त्यांचा खून झाला. न्यायालयात तो लुटीतून झालेला खून ठरला, पण नाव झाकायला सांगूनही ते फिरलं कसं, हा प्रश्न देशभर विचारला गेला. त्यानंतर २००४ साली केंद्र सरकारने एक ठराव करून अशा तक्रारी घेण्याचं काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिलं. त्याची रीत साधी आहे. तक्रार बंद लिफाफ्यात, लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचं नाव नाही, नाव-पत्ता पत्राच्या सुरुवातीला, शेवटी किंवा वेगळ्या कागदावर, म्हणजे तो भाग बाजूला काढता येतो. मजकूरही असा लिहायचा की त्यातून लिहिणारा ओळखू येणार नाही. नाव आणि मजकूर दोन वेगळ्या हातांत, हे तत्त्व आपण जसंच्या तसं घ्यायचं.

पहिली पायरी : राखणदार नेमा

नाव आणि मजकूर वेगळे करणाऱ्या माणसाला मी राखणदार म्हणते. सगळी व्यवस्था या एका नेमणुकीवर उभी आहे. राखणदार संस्थेच्या पगारावर नसावा, संचालकांच्या नात्यातला नसावा आणि शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातला असावा. जळगावच्या संस्थेने धुळ्याचे किंवा नंदुरबारचे निवृत्त मुख्याध्यापक, वकील किंवा बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी शोधावेत. नेमण्याआधी शाखांतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवून विचारावं की यातलं कोणी भाऊबंदकीतलं, सोयरिकीतलं आहे का. असेल तर दुसरा माणूस बघावा.

राखणदार छाननी करत नाही. तक्रार खरी की खोटी, याबद्दल तो मतही देत नाही. नाव माहीत असलेल्या माणसाने मत दिलं की त्या मतातून नाव झिरपतं. "बाई भरवशाच्या आहेत" असं तो बोलून गेला की तक्रारदार स्त्री आहे हे कळलंच.

राखणदार आजारी पडला किंवा गावाला गेला तर काय करायचं, हेही लिहून ठेवा. नावांच्या वहीचं कपाट उघडण्याचा अधिकार दुसऱ्या एकाच माणसाला असावा, आणि त्याने ते केव्हा व कशासाठी उघडलं याची सही-तारखेसह नोंद व्हावी. राखणदाराविरुद्धच तक्रार असेल तर ती कुठे पाठवायची, तो वेगळा पत्ता सूचनाफलकावर पहिल्या दिवसापासून हवा.

दुसरी पायरी : तक्रार येण्याचे रस्ते तपासा

नाव सर्वांत जास्त वेळा फुटतं ते मजकुरातून नाही, ज्या रस्त्याने तक्रार आली त्या रस्त्यातून.

साध्या टपालाच्या लिफाफ्यावर पोस्टाचा शिक्का असतो. अडावद किंवा मारवडचा शिक्का दिसला की निम्मं काम झालं. लिफाफा राखणदारानेच उघडायचा आणि स्वतःकडे ठेवायचा. स्पीड पोस्टावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहावा लागतो, म्हणून लोकांना साध्या टपालानेच पाठवायला सांगा. लाकडी पेटी लावणार असाल तर ती सीसीटीव्हीच्या नजरेत नको आणि साहेबांच्या दारासमोर नको.

ई-मेलचा पत्ता वेगळा काढा आणि त्याचा पासवर्ड फक्त राखणदाराकडे ठेवा. आलेला मेल छाननीकडे 'फॉरवर्ड' करू नका. त्यात मूळ पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, वेळ आणि खालची सही सगळं जातं. आपोआप फॉरवर्ड होण्याची सोय कोणी सुरू करून ठेवलेली नाही ना, हे सेटिंगमध्ये जाऊन बघा. जुन्या मेलखात्यांत ती वर्षानुवर्षं तशीच राहिलेली असते.

गुगल फॉर्म वापरत असाल तर ई-मेल गोळा करण्याचा पर्याय बंद करा. फाईल जोडण्याचा प्रश्न ठेवूच नका, कारण तो ठेवला की भरणाऱ्याला गुगल खात्यात लॉगिन करावंच लागतं. 'एकदाच उत्तर' हा पर्यायही लॉगिन मागतो. उत्तरांच्या शीटमध्ये वेळ सेकंदापर्यंत नोंदवली जाते. ती शीट छाननीला दाखवायची नाही. दुपारी एक वाजून बावीस मिनिटांनी आलेली तक्रार आणि त्याच वेळी शाखेच्या मागच्या बाजूला मोबाईल घेऊन उभा असलेला माणूस, या दोन गोष्टी जोडायला कोणाला शिकवावं लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर दिसतोच. तरीही लोक त्यावरच पाठवतात, तर त्यासाठी राखणदाराकडे वेगळा फोन द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातली जागा-वेळेची छुपी माहिती पाठवतानाच निघून जाते, पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती आत राहते. काय शिल्लक आहे ते राखणदार आपल्या संगणकावर exiftool हा प्रोग्रॅम बसवून असं पाहू शकतो आणि काढू शकतो :

```
exiftool photo.jpg
exiftool -all= photo.jpg
```

दुसरी आज्ञा दिल्यावर जुनी प्रत `photo.jpg_original` या नावाने त्याच फोल्डरमध्ये उरते. फोल्डर उचलून पुढे पाठवलं तर सगळी मेहनत वाया जाते. पीडीएफसाठी हा उपाय भरवशाचा नाही, त्यात पुसलेलं परत आणता येतं. पीडीएफमधल्या नावावर काळी चौकट ओढली तरी खालचा मजकूर कॉपी करता येतो. पीडीएफ कागदावर छापा, नको ते कापून काढा आणि उरलेलं पुन्हा स्कॅन करा. मोबाईलच्या स्क्रीनशॉटमध्ये वरच्या पट्टीवर कोणाशी बोलणं चालू होतं त्याचं नाव असतं, आणि बोलणं उजवीकडे कोणाचं यावरून फोन कोणाचा हेही कळतं. त्यामुळे मी स्क्रीनशॉट छाननीकडे जाऊच देत नाही. त्यात काय आहे ते राखणदार शब्दांत लिहितो.

तिसरी पायरी : क्रमांक द्या

प्रत्येक तक्रारीला चार आकडी क्रमांक द्यावा आणि तो कशावरूनही ठरवू नये. 'चोप-०३' असा क्रमांक शाखा सांगतो, आणि ओळीने दिलेला क्रमांक तक्रार केव्हा आली ते सांगतो. कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र टाकलं की यादृच्छिक क्रमांक मिळतो :

```
=RANDBETWEEN(1000,9999)
```

सूत्र दर वेळी नवा आकडा काढतं, म्हणून आलेला आकडा लगेच वहीत उतरवून घ्या आणि तो आधी वापरलेला नाही ना ते बघा. क्रमांक आणि नाव यांची जोडी एकाच ठिकाणी असते, राखणदाराच्या वहीत. कागदी वही आणि कुलूपबंद कपाट हे छोट्या संस्थेसाठी मला संगणकापेक्षा बरं वाटतं, कारण कोणी ती उघडली तर ते दिसतं.

चौथी पायरी : मूळ पत्र देऊ नका, गोषवारा लिहा

या कामाचा खरा कस इथे लागतो. नवी माणसं मूळ पत्राची झेरॉक्स काढतात, नावावर काळा मार्कर फिरवतात आणि पुढे पाठवतात. नाव गेलं, पण माणूस तसाच राहिला. आपल्या काल्पनिक पतसंस्थेत आलेलं हे पत्र बघा :

"साहेब, मी चोपडा शाखेत क्लार्क शे. गेल्या मंगळवारी पोरीला दवाखान्यात दाखवून मी दुपारी कामावर आली तेव्हा मॅनेजर साहेबांनी माले तिजोरीची किल्ली मागितली. आतलं एक सोनेतारणाचं पाकीट काढलं आणि त्याच पोतवर दुसऱ्या माणसाच्या नावाने पावणेदोन लाखांचं कर्ज मांडलं. मूल्यांकनाच्या कागदावर सराफाची सही नाही, साहेबांनीच केली. मी बोलली तर माझी बदली करतील."

यात कुठेही नाव नाही. तरी चोपडा शाखेत पाय ठेवलेला कोणीही माणूस लिहिणारीला दहा सेकंदांत ओळखेल. तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते, एक शाखाधिकाऱ्याकडे आणि एक दुसऱ्या एका कर्मचाऱ्याकडे. म्हणजे किल्लीचा उल्लेख आला की दोनच माणसं उरली, आणि त्यातला एक आरोपी आहे. मंगळवारी दुपारी उशिरा कोण आलं हे हजेरीपटावर आहे. मुलगी आजारी होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'शे' आणि 'माले' यावरून लिहिणारी घरात अहिराणी बोलते. शाखेतले बाकीचे कर्मचारी लेवा बोलीचे असतील तर तेवढ्यावरही ओळख पटते. आणि 'आली', 'बोलली' या क्रियापदांनी ती बाई आहे हे आधीच सांगून टाकलं. मराठीत 'मी' म्हटलं की पुढचं क्रियापद बहुतेक वेळा स्त्री की पुरुष हे उघड करतं. काळ्या मार्करने हे झाकायचं तर पत्रात काहीच उरत नाही.

म्हणून राखणदाराने मूळ पत्र कपाटात ठेवावं आणि प्रमाण मराठीत, तृतीय पुरुषात, स्वतःच्या शब्दांत गोषवारा लिहावा. लिहिताना प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा : हे किती जणांना माहीत असू शकतं? उत्तर पाचापेक्षा कमी आलं तर वाक्य सैल करा. पाच हा कुठल्या नियमातला आकडा नाही, छोट्या शाखांसाठी मला तो वापरायला सोपा वाटतो. वरच्या पत्राचा गोषवारा असा होईल :

"क्रमांक ४७१८. एका शाखेत एकाच दागिन्यावर दोन वेगवेगळ्या नावांनी सोनेतारण कर्ज दिल्याची तक्रार. दुसऱ्या कर्जाच्या मूल्यांकनपत्रावर नेमलेल्या सराफाची सही नसल्याचं म्हटलं आहे. रक्कम एक ते अडीच लाखांच्या दरम्यान, व्यवहार गेल्या तीन महिन्यांतला. माहिती प्रत्यक्ष पाहिलेली आहे, ऐकीव नाही. तक्रारदाराला त्रास होण्याची भीती आहे."

छाननीला यापेक्षा जास्त लागत नाही. त्यांना तीनच गोष्टी ठरवायच्या असतात : प्रकरण कशाचं आहे, किती तातडीचं आहे आणि कोणाकडे द्यायचं. शाखेचं नावही या टप्प्यावर नको. ते राखणदार बंद पाकिटात थेट तपास करणाऱ्याला देईल. 'माहिती प्रत्यक्ष पाहिलेली आहे' हे वाक्य मात्र कधी गाळू नका. त्याच्या जोरावरच ही तक्रार अफवेपासून वेगळी निघते. 'कर्मचाऱ्याने पाहिली' असं लिहू नका, कारण ग्राहकांनाही पाहता आलं असतं ही शक्यता उघडी राहायला हवी.

गोषवारा पुढे जाण्याआधी तक्रारदाराला वाचून दाखवावा. "ताई, तुमचं म्हणणं यात आलं का? यातल्या कशावरून तुम्हाला कोणी ओळखेल असं वाटतं?" हा दुसरा प्रश्न फार कामाचा आहे. शाखेत कोणाला काय माहीत आहे ते राखणदाराला ठाऊक नसतं, तिला असतं. एखादी निरुपद्रवी वाटणारी रक्कम शाखेत त्या आठवड्यात तेवढीच एक असू शकते.

पाचवी पायरी : प्रश्नोत्तरं राखणदारामार्फतच

छाननीला शंका असतील तर त्या क्रमांकावर लिहून राखणदाराकडे द्याव्यात. राखणदार तक्रारदाराशी तिने सांगितलेल्या वेळी, तिने सांगितलेल्या नंबरवर बोलेल. संस्थेच्या लँडलाईनवरून फोन नको आणि संस्थेचा शिक्का असलेला पोचपावतीचा लिफाफा घरी पाठवायचा नाही. नाव न सांगणाऱ्यांसाठी सोय अशी करता येते : आठवड्यातला एक ठरलेला वार आणि तास जाहीर करा, त्या वेळी फोन करून फक्त आपला क्रमांक सांगायचा आणि तक्रार कुठवर आली ते ऐकायचं. निनावी पत्र टाकणाऱ्याला क्रमांक कसा मिळणार? त्याने पत्रावर स्वतःच चार आकडे लिहावेत, असं पेटीवरच छापून ठेवा.

सहावी पायरी : तपासातून नाव फुटू देऊ नका

चांगल्या चाललेल्या पेट्या इथे फसतात. गोषवारा उत्तम लिहिला, आणि तपासनीस शाखेत येऊन थेट त्याच खात्याचं पाकीट मागतो. शाखाधिकाऱ्याला त्या क्षणी कळतं की कोणीतरी बोट दाखवलंय, आणि बोट दाखवू शकणारी एकच व्यक्ती आहे.

४७१८ च्या बाबतीत बोट न दाखवता तेच सापडण्याची वाट आहे. एकाच दागिन्यावर दोन कर्जं असतील तर खाती दोन आणि पाकीट एक, म्हणजे तिजोरीतली पाकिटं चालू सोनेतारण खात्यांपेक्षा कमी भरली पाहिजेत. चोपड्यासोबत आणखी दोन शाखांत एकाच सकाळी सगळ्या पाकिटांची मोजणी लावा. कारण म्हणून अंतर्गत तपासणी सांगा, आणि ती तशी खरोखर तिन्ही ठिकाणी पूर्ण करा. तूट दिसली तर ती मोजणीने दाखवली, माणसाने नाही. तूट झाकायला खोटं पाकीट ठेवलेलं असू शकतं, म्हणून गेल्या तीन महिन्यांतल्या एक ते अडीच लाखांच्या सगळ्या कर्जांची पाकिटं तिन्ही शाखांत उघडून बाहेरच्या सराफाकडून वजन आणि कस तपासून घ्या, आणि मूल्यांकनपत्रावरच्या सह्या नमुना-सहीशी ताडून बघा. गोषवाऱ्यात रकमेची आणि मुदतीची जी रुंद पट्टी ठेवली होती, ती इथे उपयोगी पडते.

मोजणीला दोन्ही किल्लीधारक हजर लागतात, म्हणजे तक्रारदार समोरच असेल. तपासनीसाला तिचं नाव माहीत नसल्यामुळे तो तिच्याशी बाकीच्यांसारखाच वागेल, आणि तसंच हवं. तिला बाजूला घेऊन काही विचारायचं नाही. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने.

तारखेचा पेच मात्र राहतो. तक्रारीच्या दुसऱ्याच दिवशी तपासणी आली तर संशय येतो, फार उशीर केला तर दागिना परत जागेवर ठेवला जातो. सोनं आणि रोकड हलवता येतात म्हणून अशा प्रकरणात मी आठ-पंधरा दिवसांच्या पुढे जाऊ देणार नाही. मजुरीच्या नोंदींसारखी, कागदावर टिकणारी गोष्ट असेल तर पुढच्या ठरलेल्या तपासणीपर्यंत थांबायला हरकत नाही.

या पेटीत काय बसत नाही

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारीवर २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समितीच चौकशी करते, आणि नियमांप्रमाणे तक्रारीची प्रत समोरच्या व्यक्तीला द्यावी लागते. म्हणजे त्याच्यापासून नाव झाकता येत नाही. कायदा नाव इतरत्र उघड करायला मनाई करतो, पण हा फरक बाईला आधी नीट समजावून सांगा आणि मगच तिला ठरवू द्या. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती आली, आणि आश्रमशाळा किंवा वसतिगृहाच्या पेटीत ती येऊ शकते, तर छाननीची वाट बघायची नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. राखणदाराने ते स्वतः, त्याच दिवशी करायचं.

त्यामुळे पेटीवर "तुमचं नाव कधीच कोणाला कळणार नाही" असं लिहू नका. "तुमचं नाव फक्त राखणदाराला कळेल. कायद्याने ते सांगणं भाग पडलं तर आधी तुम्हाला कळवलं जाईल" एवढं लिहा, आणि तेवढं पाळा.

सुरू करण्याआधीची चाचणी, आणि नंतरची नजर

पेटी उघडण्याआधी राखणदाराला चार-पाच खोट्या तक्रारी द्या. त्या शाखांतल्या खऱ्या माणसांनी लिहिलेल्या असाव्यात, विषय मात्र बनावट. राखणदाराने गोषवारे करावेत आणि छाननीच्या लोकांना स्पष्ट विचारावं : ही कोणी लिहिली असेल, ओळखून दाखवा. ज्याने बरोबर ओळखलं त्याला कशावरून ओळखलं ते विचारा. उत्तरं आश्चर्याची असतात. कोणी म्हणतं 'पाकीट' ऐवजी 'पुडी' हा शब्द त्याच शाखेत वापरतात, कोणी म्हणतं एवढ्या तक्रारी करणारा एकच माणूस आहे. या उत्तरांवरून राखणदाराने आपली गाळायची यादी तयार करावी.

प्रकरण मिटल्यावर वहीतलं नाव लगेच नष्ट करू नका. छाननीला आणि संचालकांना तक्रारदार माहीत नाही, म्हणजे तिला त्रास होतोय का हेही त्यांना कळणार नाही. ते बघण्याचं काम एकट्या राखणदाराचं आहे. निदान एक वर्षभर त्याने संस्थेकडून तिमाहीला सगळ्या शाखांची बदल्या, कारणे दाखवा नोटिसा आणि रोखलेल्या वेतनवाढी यांची पूर्ण यादी मागवावी. एका शाखेची किंवा एका माणसाची माहिती मागायची नाही. त्या यादीत वहीतलं नाव दिसलं तर त्याने आधी तक्रारदाराला फोन करावा आणि तिची परवानगी असेल तरच अध्यक्षांना लिहावं की अमुक आदेश तपासणी होईपर्यंत थांबवा. त्या पत्रात तिच्यासोबत त्या तिमाहीतले आणखी दोन-तीन आदेशही पुनर्विचारासाठी घालावेत.